एकोणीस गुणांची चूक: ऑस्कीमधील चेकलिस्ट आणि एकूण मत

(पुण्यात नर्सिंग अध्यापकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

पिंपरीपासून हडपसरपर्यंतच्या महाविद्यालयांतून आज आपण सगळे सुट्टीच्या दिवशी जमलो आहोत, म्हणून प्रस्तावनेत वेळ घालवत नाही. ऑस्की म्हणजे एकामागून एक स्टेशनांवर ठरावीक वेळात प्रत्यक्ष कौशल्य तपासणारी परीक्षा, हे या सभागृहात सांगण्याची गरज नाही. रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी येथून ही पद्धत वैद्यकीय शिक्षणासाठी मांडली आणि भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या सुधारित अभ्यासक्रमामुळे ती आपल्या दारात आली. माझा विषय आहे स्टेशनवर परीक्षकाच्या हातात असणारे दोन कागद: एक चेकलिस्ट आणि दुसरा एकूण मताचा. दुसरा कागद आपण बहुतेक वेळा भरतच नाही, किंवा भरून कपाटात ठेवतो. या दोन्ही कागदांवरून उत्तीर्णतेची रेषा कशी काढायची, हे सांगण्याचे मी कबूल केले आहे. मात्र त्याआधी मला एका स्टेशनबद्दल बोलायचे आहे, कारण त्याशिवाय त्या रेषेची गरज पटणार नाही.

स्टेशन होते त्वचेखाली इन्सुलिन देण्याचे. वेळ आठ मिनिटे. टेबलावर औषधपत्रक, त्यावर १२ युनिट रेग्युलर इन्सुलिनचा आदेश, ४० युनिट प्रति मिलिलिटरची व्हायल, आणि ट्रेमध्ये दोन्ही प्रकारच्या सिरिंज: लाल टोपीची चाळीसची आणि केशरी टोपीची शंभरची. आपल्याकडे वॉर्डात या दोन्ही सिरिंज शेजारीशेजारी पडलेल्या असतात, त्यामुळे ट्रेसुद्धा तशीच लावली होती. चेकलिस्टमध्ये वीस मुद्दे होते आणि प्रत्येकाला एक गुण होता.

पहिली विद्यार्थिनी आली. तिचे पाठांतर स्वच्छ होते. ‘मी हात धुते आहे, मी रुग्णाची ओळख पटवते आहे, मी पडदा ओढते आहे’ असे प्रत्येक वाक्य ती ठणठणीत आवाजात म्हणत गेली आणि तितक्याच वेगाने माझ्या कागदावर खुणा होत गेल्या. (आपल्या मुलींना बोलून दाखवायला आपणच शिकवले आहे, कारण न बोललेले परीक्षकाला दिसत नाही, ही भीती आपणच त्यांच्या मनात घातली आहे.) तिने केशरी टोपीची सिरिंज उचलली, बाराच्या रेघेपर्यंत भरली, पोटावर योग्य जागा निवडली, सुई न वाकवता, टोपी न घालता थेट शार्प्सच्या डब्यात टाकली आणि नोंदही केली. ‘व्हायलला अनुरूप सिरिंज निवडली’ हा एकच मुद्दा चुकला. गुण एकोणीस.

त्या एका गुणाचा हिशेब करू. शंभरच्या सिरिंजवर बाराची रेघ म्हणजे ०.१२ मिलिलिटर. चाळीसच्या व्हायलमधून तेवढे घेतले तर रुग्णाला पाच युनिटही मिळत नाहीत, ४.८ मिळतात. साखर चढत राहते आणि संध्याकाळी डॉक्टर डोस वाढवतात. दुसऱ्या दिवशी कोणी योग्य सिरिंज वापरली की तो वाढवलेला डोस पूर्णच्या पूर्ण शरीरात जातो. उलट चूक याहून भयंकर आहे: शंभरची व्हायल आणि चाळीसची सिरिंज असेल, तर बाराच्या रेघेपर्यंत ०.३ मिलिलिटर, म्हणजे तब्बल ३० युनिट जातात. रुग्णाची साखर झपाट्याने खाली येईल, एवढे आपल्यापैकी कोणालाही सांगावे लागणार नाही. चेकलिस्टच्या लेखी मात्र या चुकीची किंमत पडदा ओढायला विसरण्याइतकीच आहे.

दुसरी विद्यार्थिनी गोंधळलेली दिसत होती. स्वतःचे नाव सांगायला विसरली, पडदा राहिला. तिने आधी केशरी टोपीचीच सिरिंज उचलली, पण मग व्हायल डोळ्यांजवळ नेऊन लेबल वाचले, थांबली, सिरिंज ठेवून दिली आणि लाल टोपीची घेतली. इंजेक्शन देण्यापूर्वी तिने ‘काका, जेवणाचा डबा आला का?’ असे रुग्णाची भूमिका करणाऱ्या गृहस्थांना विचारले. या धडपडीत वेळ गेला आणि घंटा झाली तेव्हा नोंद अर्धीच झाली होती. मुदतीची तारीख तिने नक्की पाहिली असावी, पण मोठ्याने म्हटली नाही, म्हणून खूण झाली नाही. गुण पंधरा.

आता माझी खरी तक्रार सांगतो. उद्या सकाळी तुमच्या आईला इन्सुलिन द्यायचे असेल, तर यांपैकी कोणाच्या हातून द्याल? सभागृहातले उत्तर मला दिसते आहे. ते उत्तर म्हणजेच एकूण मत, आणि ते कागदावर आणण्याची सोय असताना आपण ते सोडून देतो. चेकलिस्ट पाऊल पडले की नाही एवढे मोजते. पाऊल का पडले, कोणत्या क्रमाने पडले आणि मधे काही खटकल्यावर विद्यार्थिनीने काय केले, हे तिला टिपता येत नाही. वैद्यकीय परीक्षांच्या अभ्यासांतही हेच दिसले आहे की अनुभव वाढत जातो तसे निष्णात लोक काही पायऱ्या गाळतात आणि चेकलिस्टवर त्यांचे गुण अपेक्षेइतके वाढत नाहीत, तर अनुभवी परीक्षकाच्या एकूण मतात तो फरक दिसतो.

याचा अर्थ चेकलिस्ट फेकून द्यावी, असा कोणी घेऊ नये. एकटे एकूण मत ठेवले, तर ज्या मुलीला आपण वर्षभर वॉर्डात पाहिले आहे तिच्याबद्दलचा जुना समजही त्यात शिरतो. म्हणून मत पाच पायऱ्यांत द्यावे: नापास, काठावर, समाधानकारक, चांगली, उत्कृष्ट. ‘काठावर’ म्हणजे काय, हे परीक्षेपूर्वी सगळ्या परीक्षकांनी एकत्र बसून त्या स्टेशनपुरते ठरवावे. आमच्या इन्सुलिन स्टेशनवर असे ठरले होते: सुरक्षित आहे, पण देखरेखीशिवाय सोडता येणार नाही. आणि मत चेकलिस्टची बेरीज करण्यापूर्वी लिहावे. बेरीज आधी केली की मत तिच्या मागे ओढले जाते आणि दोन्ही कागद एकच गोष्ट दोनदा सांगू लागतात.

आयोजकांनी चिठ्ठी पाठवली आहे, त्यामुळे कबूल केलेला भाग आता थोडक्यात सांगतो.

पायऱ्यांना १ ते ५ अंक द्या. आडव्या अक्षावर मत, उभ्या अक्षावर चेकलिस्टचे गुण आणि प्रत्येक विद्यार्थिनीचा एक ठिपका. एक्सेल त्यातून सरळ रेषा काढून देते. उदाहरणादाखल रेषा ‘५ अधिक ३ गुणिले मत’ अशी आली, तर ‘काठावर’ म्हणजे २ या जागी गुण ११ येतात. त्या स्टेशनची उत्तीर्णतेची रेषा ११. स्टेशन अवघड असेल तर हीच पद्धत ती रेषा आपोआप खाली आणते. सरसकट पन्नास टक्के धरले तर अवघड आणि सोपे स्टेशन एकाच मापाने मोजले जाते. विद्यापीठाची उत्तीर्णतेची टक्केवारी आपल्या हातात नाही, हे खरे. पण अंतर्गत परीक्षेत स्टेशन नीट बांधले आहे का, हे यातून कळते. विद्यार्थिनी मोजक्या असतील तर मात्र रेषा डळमळते. दहा-पंधरा जणींच्या बॅचवर ती काढून निर्णय घेऊ नयेत.

एक गोष्ट मात्र निसटू नये. या पद्धतीत मत रेषा ठरवते, त्या मुलीचा निकाल ठरवत नाही. परीक्षकाने पहिल्या विद्यार्थिनीला ‘नापास’ म्हटले, तरी तिचे एकोणीस गुण ११ च्या वरच राहतात. म्हणून चुकीची सिरिंज, चुकीचा रुग्ण किंवा वापरलेली सुई ट्रेमध्ये सोडणे अशा चुका स्टेशनच्या कागदावर आधीच ठळक लिहून ठेवाव्या लागतात, की त्यांपैकी एक घडली तर ते स्टेशन पुन्हा द्यायचे, गुण कितीही असोत. ही यादी दोन-तीन चुकांपुरतीच ठेवा. ती लांबली की तीही दुसरी चेकलिस्ट होते.

शेवटचे, आर-वर्ग हा आकडा पाहायला विसरू नका. एक्सेलमध्ये रेषेबरोबर तो मिळतो. तो ०.५ च्या खाली गेला, तर चेकलिस्टचे गुण आणि परीक्षकांचे मत यांचा मेळ बसत नाही, असे समजून ठिपक्यांमधल्या विजोड मुली शोधा. मत खाली आणि गुण वर अशा चार-पाच जणी सापडल्या, तर चेकलिस्टमध्ये पडदा, नाव, हसून बोलणे यांचेच गुण जास्त झाले आहेत आणि मूळ कौशल्याचे कमी, असे जवळपास नेहमी निघते. अशा वेळी मुद्दे कमी करा, सिरिंज निवडणे आणि डोस भरणे यांना तीन-तीन गुण द्या आणि तेच स्टेशन पुढच्या बॅचला पुन्हा लावून आर-वर्ग परत पाहा.