एकच मूळ दोनदा येतं तेव्हा

रिकरन्स म्हणजे काय, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थेट माझ्या तक्रारीवर येतो. a_n = r^n असं मानायचं, कॅरेक्टरिस्टिक समीकरण मांडायचं, त्याची मुळं काढायची, इथपर्यंत पुस्तकं नीट समजावतात. मग एक ओळ येते: मूळ दोनदा आलं तर दुसरं उत्तर n ने गुणून घ्या. हा n आला कुठून? पुढच्या ओळीत थेट उदाहरण असतं. मुलं नियम पाठ करतात, आणि ज्याला खरोखर प्रश्न पडला होता तोही गप्प बसतो. मला हे फार खटकतं, कारण कारण अगदी हाताशी आहे.

आजचं उदाहरण घ्या: a_n = 4a_(n-1) − 4a_(n-2), a_0 = 1, a_1 = 6. समीकरण r² − 4r + 4 = 0, म्हणजे (r − 2)² = 0. A·2^n + B·2^n लिहिलं तर ते (A + B)·2^n एवढंच उरतं. पहिलं पद म्हणतं A + B = 1, दुसरं म्हणतं A + B = 3. जमत नाही.

आता मुळं जरा वेगळी करू: 2 आणि 2 + h. दोन्ही घात चालतात, म्हणून ((2 + h)^n − 2^n) / h हेही त्या रिकरन्सचं उत्तर. h काहीही घ्या, ही श्रेणी 0, 1 अशीच सुरू होते. h = 1 असेल तर 0, 1, 5, 19. h = 0.1 असेल तर 0, 1, 4.1, 12.61. आणि h शून्याकडे नेला की 0, 1, 4, 12. ज्यांना डेरिव्हेटिव्ह येतो त्यांनी ओळखलंच असेल, हे n·2^(n-1) आहे! दोन मुळं एकमेकांत मिसळताना त्यांच्यातला फरक मागे राहतो, तोच हा n. मूळ तीनदा आलं तर n² सुद्धा याच वाटेने येतो.

चिठ्ठी आली आहे, पाचच मिनिटं उरलीत. स्थिरांक भराभर काढू. a_n = (A + Bn)·2^n. n = 0 ठेवा, A = 1. n = 1 ठेवा, 2(1 + B) = 6, म्हणून B = 2. उत्तर (1 + 2n)·2^n.

पडताळा मात्र a_2 वर घ्या. पहिली दोन पदं आपणच बसवलेली असतात, त्यांच्यावरून चूक कळत नाही. कुणी घाईत A·2^n + Bn लिहिलं, तर A = 1, B = 4 मिळून दोन्ही पदं बिनबोभाट जुळतात, पण a_2 येतं 12. रिकरन्स सांगतो 4·6 − 4·1 = 20, आणि आपलं सूत्र 5·4, म्हणजे 20 देतं.