उन्हाचा कुर्ता शिवताना

श्रोतेहो, नमस्कार.

नवतपा लागायला अजून अवकाश आहे, पण दुपारी बारा वाजता सीताबर्डीच्या सिग्नलला उभं राहून बघा. स्कूटीवरच्या पोरींनी तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला असतो. कुर्ता मोरपंखी, दुपट्टा जांभळ्या फुलांचा, हातात गुलाबी ताणाचे बाह्या-मोजे, वर काळा गॉगल. ऊन अडतं की नाही ते पुढे बघू, पण कामाच्या ठिकाणी पोहोचल्यावर ती बिचारी पाच मिनिटं नुसती सोलत बसते. आज मी बोलणार आहे ते दिवसभर उन्हात फिरणाऱ्यांच्या कपड्यांबद्दल, आणि तेही एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या नजरेतून.

आमच्या क्लासला येणारी एक मुलगी घरोघर विजेच्या मीटरचं रीडिंग घेते. सकाळी नऊ ते चार गाडीवर आणि पायी. तिच्यासाठी आम्ही मिळून एक जोड शिवला. त्याचीच गोष्ट सांगते.

सुरुवात कापडापासून. कापड ऊन अडवतं ते मुख्यतः आपल्या विणीमुळे. उभ्या आणि आडव्या धाग्यांमध्ये जी भोकं उरतात, त्यांतून अतिनील किरण आत येतात. म्हणून मलमल, वॉइल हातात कितीही गार वाटोत, उन्हासाठी ती कुचकामी. विरळ विणीच्या खादीचंही तेच. पॉपलिन घट्ट विणीचं असतं, वजनाला हलकं असतं आणि घामही वाळू देतं. ट्विल आणि डेनिम त्याहून जास्त अडवतात, पण पंचेचाळीस अंशांत डेनिमचा कुर्ता कोण घालणार?

कापडाची ही ताकद यूपीएफ या आकड्यात मोजतात. पन्नास यूपीएफ म्हणजे अतिनील किरणांचा पन्नासावा भागच आत जातो. साधा पांढरा सुती टी-शर्ट बहुतेक वेळा पाच ते दहाच्या घरात असतो, आणि घामाने भिजला की आणखी खाली येतो. पांढरा कपडा उन्हाळ्याचा, ही आपली समजूत उष्णतेपुरती ठीक आहे. अतिनील किरण मात्र गडद रंग जास्त शोषून घेतो. तेव्हा मधला रस्ता धरावा. ना पांढरा, ना काळा. निळा, विटकरी, शेवाळी असा भरलेला रंग.

गांधीबागेत कापड घ्यायला गेलात तर दुकानाच्या दारापाशी या. कापड एकेरी धरा, मागे बोटं पसरा आणि उजेडाकडे बघा. बोटं मोजता आली तर ते कापड परत द्या. ज्या गावात १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली, तिथल्या जुन्या दुकानदारांना यात काही नवल वाटत नाही. ते स्वतःच तागा उलगडून उजेडात धरतात. या परीक्षेलाही मर्यादा आहे. पॉलिस्टर उजेडात पारदर्शक दिसलं तरी त्याचा धागाच बरेचसे अतिनील किरण शोषतो, आणि ब्लीच केलेलं सुती कापड दिसतं त्याहून कच्चं निघू शकतं. पण रंगीत सुती कापड निवडायला ही परीक्षा पुरेशी आहे.

आता बाह्या. ते ताणाचे मोजे दुकानात हातावर ठेवून बघितले की घट्ट विणीचे दिसतात. दंडावर चढवले की ताणले जातात, वीण उघडते आणि भोकं मोठी होतात. शिवाय अंगाला चिकटल्यामुळे आत हवा खेळत नाही. मोजे घ्यायचेच असतील तर एक माप मोठे घ्या. त्यापेक्षा कुर्त्यालाच पूर्ण बाही लावा आणि नेहमीच्या घेरापेक्षा दोन इंच सैल ठेवा. आपल्याकडे मेमध्ये हवा कातडीपेक्षा गरम असते, तेव्हा वारा उघड्या हाताला गार करत नाही, उलट तापवतो. सैल बाहीच्या आत घाम वाळतो आणि हात त्यामानाने बरा राहतो.

माप घेताना एक गोष्ट टेलरला ठासून सांगा. आपण हात खाली सोडून माप देतो. गाडीचं हँडल धरलं की तीच बाही दोन-अडीच इंच वर सरकते आणि मनगटावर उघडा पट्टा राहतो. कित्येक मुलींच्या हातावर घड्याळ नसतानाही घड्याळाएवढा काळा डाग असतो, तो हाच. म्हणून आम्ही त्या मुलीला खुर्चीवर बसवलं, हँडल धरल्यासारखे हात पुढे करायला लावले आणि खांद्यापासून बोटांच्या मुळापर्यंत टेप धरली. बाहीच्या टोकाला तळहाताच्या मागच्या बाजूवर येणारी एक त्रिकोणी जीभ जोडली आणि मधल्या बोटात अडकवायला बारीक लूप दिला. लिहायचं असलं की जीभ मागे दुमडून कफाच्या बटणात अडकते.

टोपीचं गणित थोडं वेगळं आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात नागपुरात सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो, आणि आपली खरी मध्यान्ह घड्याळात सव्वाबाराच्या आसपास असते. त्या वेळी तीन इंचांची कड सगळ्या चेहऱ्यावर सावली धरते. मार बसतो तो खांद्यांवर. दोन वाजता तीच सावली सहा इंचांवर येते. चार वाजता ती कशीबशी दोन इंच उतरते, म्हणजे कपाळ झाकलं आणि नाक उघडं. तेव्हा तीन इंच कड कमीत कमी, आणि ती चारी बाजूंनी हवी. क्रिकेटची टोपी कान आणि मान उघडी टाकते. चार वाजताच्या तिरप्या उन्हाला दुपट्टा लागतोच, आणि गाडीवर हेल्मेट असताना टोपी घालताच येत नाही, तेव्हाही दुपट्टाच. टोपी पायी फिरण्यासाठी, ती घडी होऊन पिशवीत मावेल अशी मऊ कडेची शिवावी.

आणि आता ते रंगांचं. सगळं एकाच कापडाचं केलं तर माणूस सोफ्यासारखा दिसतो. आम्ही चव्वेचाळीस इंच पन्ह्याचं निळं पॉपलिन कुर्त्यासाठी अडीच मीटर घेतलं आणि अर्धा मीटर जास्तीचं. दुपट्टा निवडताना जमीन फिक्कट राखाडी आणि बुट्टी त्याच निळ्याची, असा शोधला. वीण घट्ट, नाहीतर नुसती शोभा. टोपी साध्या राखाडी ट्विलची, तिच्या कडेखालचं अस्तर आणि हाताची जीभ मात्र त्या जास्तीच्या निळ्या तुकड्यातून. कडेखाली गडद रंग असला की रस्त्यावरून उसळलेला उजेड डोळ्यांवर परत पडत नाही, हा वर फायदा. एक छापील, बाकी दोन साधे, आणि साध्यांचे रंग छाप्यातूनच उचललेले. एवढं पाळलं की टोपी, दुपट्टा, कुर्ता एकत्र घेतल्यासारखे दिसतात.

नवं सुती कापड शिवण्याआधी भिजवून वाळवा. ते आटतं, वीण दाटते आणि ऊन अधिक अडतं. पुढे दोन-तीन उन्हाळ्यांनी खांद्यावर, पाठीवर कापड विरतं. तिथे पुन्हा बोटं धरून बघा. बाकी कुर्ता धड असला तरी खांदा विरला असेल तर तो घरात वापरायला काढा, नाहीतर खांद्याला आतून त्याच कापडाचा जोड द्या. म्हणून उरलेल्या चिंध्या फेकू नका.

शिवायला टाकायचा असेल तर या आठवड्यातच टाका. अक्षय्य तृतीया जवळ आली की टेलर ब्लाउजांतून डोकं वर काढत नाहीत, आणि तुमचा कुर्ता पावसाळ्यात हातात पडतो.

नमस्कार.