सभेची नोटीस आणि मुंबईहून आलेली पत्रे

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या कोकणातल्या गृहनिर्माण संस्थांमध्ये एक गोष्ट सर्रास आढळते. फ्लॅट रत्नागिरीला, चिपळूणला किंवा सावंतवाडीला असतो आणि त्याचा मालक मुंबईला किंवा पुण्याला नोकरीत असतो. सभेची नोटीस त्याच्यापर्यंत पोहोचते, पण सभेला यायला त्याला जमत नाही, आणि मग तो एका कागदावर लिहून पाठवतो की, माझ्या वतीने माझे भाऊ, माझे शेजारी किंवा माझे भाडेकरू सभेस उपस्थित राहतील व मतदान करतील. या कागदाची कायद्याने काय किंमत आहे आणि नोटिशीत त्याबद्दल नेमके काय लिहावे, एवढ्याच विषयावर मी आज बोलणार आहे. गृहनिर्माण संस्थांचे हिशेब तपासण्यात माझी नोकरीची वर्षे गेली, आणि हिशेबाच्या वह्यांइतकीच सभांची इतिवृत्ते मी वाचली आहेत. खरे सांगायचे तर इतिवृत्तेच अधिक आवडीने वाचली.

मुख्य मुद्दा आधीच सांगून टाकतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 प्रमाणे प्रत्येक सभासदाला एकच मत असते आणि ते त्याने स्वतः हजर राहून द्यायचे असते. प्रतिनिधीमार्फत दिलेले मत चालत नाही. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनी तर त्याहून स्पष्ट लिहिले आहे की, प्रतिनिधी, मुखत्यारपत्रधारक किंवा अधिकारपत्र घेऊन आलेली व्यक्ती यांपैकी कोणालाही सभासदाच्या वतीने सर्वसाधारण सभेत बसता येत नाही. मुखत्यारपत्र नोंदणी केलेले असले, त्याने फ्लॅट विकण्याचा अधिकार दिलेला असला, तरीही सभेच्या दाराशी त्याचा उपयोग नाही. पुन्हा सांगतो, प्रतिनिधी चालत नाही.

असे असताना अनेक नोटिशींच्या तळाशी प्रतिनिधीचा नमुना कसा येतो, याची एक हकीकत सांगतो. ही हकीकत मी अनेक प्रशिक्षण वर्गांत सांगितली आहे, तेव्हा ज्यांनी ती ऐकली असेल त्यांनी कृपया कंटाळू नये.

एका तालुक्याच्या गावी चढावर बांधलेली अठ्ठावीस फ्लॅटची एक संस्था होती. वरच्या मजल्यावरच्या लोकांच्या छतातून दर पावसाळ्यात पाणी गळत असे, भिंतींना शेवाळ धरत असे, आणि गच्चीवर पत्र्याचे छप्पर घालावे ही त्यांची मागणी जुनीच होती. शेवटी श्रावणात विशेष सर्वसाधारण सभा बोलावण्याचे ठरले. संस्थेचे चिटणीस मुंबईतल्या एका कंपनीतून निवृत्त होऊन गावी आलेले, टापटिपीचे गृहस्थ होते. त्यांनी नोटीस स्वतः टंकलिखित केली. त्यात सभेची तारीख, वार, वेळ आणि तळमजल्यावरील वाहनतळाची जागा हे सारे नीट होते. विषय एकच होता, तोही स्पष्ट शब्दांत होता, आणि नोटीस पाच पूर्ण दिवस आधी सर्वांना पोहोचली होती. मात्र शेवटी त्यांनी असे लिहिले की, उपस्थित राहू न शकणाऱ्या सभासदाने सोबतचा प्रतिनिधी नमुना भरून सभेपूर्वी 48 तास कार्यालयात द्यावा. हे 48 तास त्यांनी मनातून काढलेले नव्हते. कंपनी कायद्यात भागधारकाला प्रतिनिधी नेमता येतो आणि त्याचा अर्ज सभेपूर्वी 48 तासांपर्यंत द्यावा लागतो, हे त्यांनी नोकरीत वर्षानुवर्षे पाहिले होते. कंपनीची सवय त्यांनी संस्थेत आणली, एवढेच झाले.

मुंबईच्या सात सभासदांनी ते नमुने भरून पाठवले आणि सातांपैकी बहुतेकांनी ते वरच्या मजल्यावरच्या नातेवाइकांच्या व मित्रांच्या नावे भरले. सभेच्या दिवशी हजेरीवहीत बावीस सह्या झाल्या. चर्चा झाली, चहा झाला आणि हात वर करून मतदान झाले. ठरावाच्या बाजूने तेरा आणि विरुद्ध नऊ. प्रत्येक फ्लॅटने पस्तीस हजार रुपये द्यायचे, असा तो ठराव होता. अध्यक्ष निकाल जाहीर करणार, एवढ्यात मागच्या खुर्चीवरून एक निवृत्त गुरुजी उठले. ते स्वतः ठरावाच्या बाजूने हात वर करून बसले होते, हे मुद्दाम सांगतो.

गुरुजी म्हणाले, “अध्यक्षमहाराज, या बावीस सह्यांपैकी सात सह्या दुसऱ्यांच्या नावापुढे आहेत. त्या कोणत्या उपविधीखाली घेतल्या?”

चिटणीसांनी नोटीस दाखवली. गुरुजींनी पिशवीतून संस्थेचे उपविधींचे पुस्तक काढून ते पान उघडले आणि चिटणीसांच्याच हाती दिले. चिटणीसांनी ते वाचले, पुन्हा वाचले, आणि मग प्रामाणिकपणे अध्यक्षांकडे सरकवले. त्या माणसाचा मला आजही आदर वाटतो, कारण नियम समोर आल्यावर चिडणारे चिटणीस मी बरेच पाहिले आहेत.

आता हिशेब पाहा. बावीसमधून सात वजा केल्यावर प्रत्यक्ष सभासद उरले पंधरा. सातही प्रतिनिधींची मते ठरावाच्या बाजूने पडली होती, म्हणून तेरामधून सात गेल्यावर बाजूने उरली सहा आणि विरुद्ध नऊ तशीच राहिली. म्हणजे मंजूर झालेला ठराव प्रत्यक्षात नामंजूर होता. पण त्याहीपुढे गोष्ट अशी की, तो नामंजूरही म्हणता येत नव्हता, कारण गणपूर्तीच नव्हती. एकूण सभासदांच्या दोनतृतीयांश किंवा वीस, यांपैकी जी संख्या कमी असेल ती गणपूर्ती, असा नियम आहे. अठ्ठावीसचे दोनतृतीयांश म्हणजे एकोणीस, आणि एकोणीस हे विसापेक्षा कमी, म्हणून या संस्थेला एकोणीस सभासद हवे होते. होते पंधरा. सभा सुरूच व्हायला नको होती.

नियम असाही आहे की, ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते. ती त्याच दिवशी नंतरच्या वेळी घेता येते, पण तशी वेळ मूळ नोटिशीत लिहिलेली असावी लागते. नाहीतर सात दिवसांच्या आत नाही आणि तीस दिवसांच्या पलीकडे नाही, अशा दुसऱ्या तारखेला घ्यावी लागते. या नोटिशीत नंतरची वेळ नव्हतीच. विरोधी मंडळी खूश झाली आणि वरच्या मजल्यावरचे लोक हिरमुसले.

तेव्हा पंचांग कोणी काढले, तर त्याच चिटणीसांनी. तीस दिवसांच्या आत गणपती येत होते. मुंबईचा माणूस दिवाळीला येवो न येवो, गणपतीला गावी येतोच. आरक्षणे त्याने महिनोन्महिने आधी केलेली असतात. गौरी-गणपतींच्या विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाची वेळ ठरली. सातांपैकी पाच सभासद स्वतः आले. इतरांसह वीस जण झाले. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, तरीही ती पूर्ण झाली.

आणि गंमत पुढे आहे. प्रतिनिधीमार्फत ज्यांनी डोळे मिटून होकार पाठवला होता, त्यांनीच समोर बसल्यावर प्रश्न विचारले. खाऱ्या वाऱ्यात साधा लोखंडी पत्रा किती वर्षे टिकणार, वादळात तो उडू नये म्हणून सांगाड्याला काय बांधणी आहे, आणि एकच दरपत्रक का मागवले, हे प्रश्न त्यांचे होते. नुसत्या पत्रावर प्रश्न विचारता येत नाहीत, हे माझे म्हणणे त्या सकाळी सिद्ध झाले. रंगवलेला, गंज न धरणारा पत्रा, तीन दरपत्रके आणि दोन हप्त्यांत वर्गणी अशी दुरुस्ती होऊन ठराव चौदा विरुद्ध सहा मतांनी मंजूर झाला. पूर्वी विरोध करणाऱ्यांपैकी तिघांनी या वेळी बाजूने हात वर केला.

हकीकत लांबली, म्हणून आता आवश्यक तेवढेच सांगतो. वार्षिक सर्वसाधारण सभेच्या नोटिशीला 14 पूर्ण दिवस लागतात आणि विशेष सभेच्या नोटिशीला 5 पूर्ण दिवस. पूर्ण दिवस मोजताना नोटीस दिल्याचा दिवस धरू नये आणि सभेचा दिवसही धरू नये. सभा 20 सप्टेंबरला असेल तर वार्षिक सभेची नोटीस 5 सप्टेंबरपर्यंत हाती पडली पाहिजे. 6 तारखेला दिली तर तेराच दिवस भरतात. वार्षिक सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, त्यामुळे गणपतीची सुट्टी बहुतेक वर्षी याच मुदतीत सापडते. नोटीस दिल्याची सही किंवा टपालाची पावती जपून ठेवावी. व्हॉट्सअॅपच्या समूहावर टाकले म्हणजे दिले, असे समजणाऱ्या समित्यांबद्दल मला फारसे प्रेम नाही.

विषयपत्रिकेत मागील सभेचे इतिवृत्त, समितीचा अहवाल व हिशेब, लेखापरीक्षण अहवाल व दोषदुरुस्ती आणि पुढील लेखापरीक्षकाची नेमणूक हे विषय वार्षिक सभेला येतातच. खर्चाचा विषय मात्र रकमेसह स्वतंत्र लिहावा. ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय’ या ओळीखाली लाखांचे खर्च मंजूर करून घेण्याची पद्धत मला मुळीच मान्य नाही.

मग बाहेरगावच्या सभासदाने काय करावे? संयुक्त नावाचा फ्लॅट असेल तर भागपत्रावर ज्याचे नाव पहिले, त्याचे मत. तो नसेल तर दुसऱ्या नावाचे. हे दोघांचे एकच मत आहे, दोन नव्हेत. पती, पत्नी, आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, सून, जावई, पुतण्या, भाची अशा नात्यातल्या व्यक्तीला सभासदाच्या लेखी शिफारशीवरून सहयोगी सभासद करून घेता येते, आणि ती व्यक्ती त्याच्या पूर्वलेखी संमतीने त्याचा हक्क बजावू शकते. मात्र हे काम सभेच्या आदल्या रात्री होत नाही. समितीने आधी सहयोगी सभासद म्हणून दाखल करून घेतलेले असावे लागते. भाडेकरू आणि शेजारी या यादीत नाहीत. फ्लॅट एखाद्या कंपनीच्या नावावर असेल तर ती आपल्या संचालकाला किंवा अधिकाऱ्याला मतासाठी नेमू शकते, आणि भागीदारी संस्था आपल्या एका भागीदाराला.

तेव्हा नोटिशीच्या तळाशी प्रतिनिधीचा नमुना न जोडता असे लिहावे: “सभासदाने स्वतः उपस्थित राहावे. प्रतिनिधी, मुखत्यारपत्रधारक किंवा अधिकारपत्रधारक यांना सभेस उपस्थित राहता अथवा मतदान करता येणार नाही. सहयोगी सभासदाने मूळ सभासदाची लेखी संमती सोबत आणावी. ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात गणपूर्ती न झाल्यास सभा तहकूब होऊन त्याच दिवशी, त्याच ठिकाणी सकाळी 11 वाजता घेण्यात येईल व त्या सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही.” मूळ वेळ सकाळी दहाची आहे, असे धरून मी ही वेळ सांगितली. खाली समितीच्या आदेशावरून चिटणीसांची सही आणि नोटिशीची तारीख घालावी.

नमस्कार.