पडद्याचा रॉड भिंतीतून का निघतो? गिट्टी घेण्याआधी भुकटीचा रंग बघा

नमस्कार मंडळी. (निघालेला ब्रॅकेट कॅमेऱ्यासमोर धरून) हा ब्रॅकेट बघा. स्क्रू वाकलेला नाही, गिट्टी फाटलेली नाही. दोन्ही जशीच्या तशी भिंतीतून बाहेर आली आहेत, आणि गिट्टीच्या अंगाला पांढरी आणि करडी भुकटी चिकटली आहे. लाल जेमतेम टोकाला. पडद्याचा रॉड का पडला याचं उत्तर या भुकटीतच आहे, आणि आजचा व्हिडिओ तेवढ्यासाठीच आहे.

हा ब्रॅकेट डोंबिवलीतल्या एका फ्लॅटच्या बेडरूममधला. खिडकी सहा फुटांची, रॉड आठ फुटांचा, दोन टोकांना दोन ब्रॅकेट आणि वर जाड ब्लॅकआउट पडदे. डावीकडचा ब्रॅकेट आजही घट्ट आहे. उजवीकडचा मात्र दुसऱ्यांदा निघाला. गिट्टी तीच, स्क्रू तेच, बसवणारा माणूसही एकच. मग फरक कुठे पडला?

फरक प्लास्टरच्या मागे आहे. आपल्या इमारतींत कॉलम आणि बीम काँक्रीटचे असतात आणि मधली जागा विटांनी किंवा ब्लॉकनी भरलेली असते. या खिडकीच्या डाव्या कडेला लागूनच कॉलम आहे, त्यामुळे डावा ब्रॅकेट काँक्रीटमध्ये बसला. उजवीकडे वीट आहे. खिडकीच्या वर काँक्रीटची लिंटेल असते खरी, पण ती खिडकीच्या कडेपासून साधारण सहा इंचच पुढे जाते. उजवा ब्रॅकेट त्याच्याही बाहेर, नऊ इंचांवर लावला होता. बाहेरून बघाल तर सगळीकडे एकच रंग, एकच गुळगुळीत भिंत.

आता गिट्टी मोजू. ही साधी प्लास्टिकची गिट्टी 30 मिलिमीटर लांब आहे. भोकात पट्टी घालून मोजलं, तर वरचा पीओपीचा थर 8 मिलिमीटर आणि त्याखाली सिमेंटचं प्लास्टर 14 मिलिमीटर. म्हणजे 22 मिलिमीटर नुसत्या थरांतच गेले. विटेत गिट्टीचं फक्त 8 मिलिमीटर टोक पोचलं होतं. गिट्टी फुगते आणि धरून ठेवते ती तिच्या आतल्या भागात. तो भाग इथे बहुतेक प्लास्टरमध्येच फुगला होता. प्लास्टर दाबलं की भुगा होतं, त्याला पकड नाही. कॉलममध्ये हेच माप चाललं, कारण काँक्रीटवर प्लास्टर पातळ होतं आणि काँक्रीटमध्ये थोडीशी लांबीही घट्ट बसते.

तुम्ही म्हणाल, पडद्याचं वजन असतं तरी किती? इथे पडदे आणि रॉड मिळून 8 किलो होते, म्हणजे एका ब्रॅकेटवर 4 किलो. पण ब्रॅकेट म्हणजे आडवी धरलेली पहार आहे. रॉड भिंतीपासून 9 सेंटिमीटर पुढे, आणि ब्रॅकेटच्या पट्टीचा वरचा स्क्रू तिच्या खालच्या कडेपासून साडेचार सेंटिमीटर वर. खालची कड भिंतीला टेकते आणि वरचा स्क्रू बाहेर ओढला जातो. चार किलोला नऊने गुणा आणि साडेचारने भागा: 8 किलो. हा ताण वरच्या स्क्रूवर रात्रंदिवस आहे. आणि कोणी पडदा सरकवताना खाली 10 किलोचा हिसका दिला, तर त्याच स्क्रूवर जास्तीचे 20 किलो येतात. डबल रॉडचा ब्रॅकेट असेल तर बाहेरचा रॉड आणखी पुढे असतो, म्हणून ओढ आणखी वाढते. एकच मोठा हिसका लागतो असं नाही. रोजच्या सरकवण्याने भोक हळूहळू मोठं होतं. ब्रॅकेटच्या वर भिंतीत केसाएवढी फट दिसली आणि पट्टी वरून किंचित सुटलेली वाटली, तर तेव्हाच पडदे काढून ठेवा.

आता मुख्य काम. ड्रिल करताना बिटवर टेप लावून खोलीची खूण करा, खाली कागदाची पुडी चिकटवा आणि भुकटी बघत सावकाश आत जा. आधी बारीक पांढरी येते, ती पुट्टी किंवा पीओपी. मग करडी, वाळूसारखी, ते प्लास्टर. रंग बदलला की थांबा आणि थरांची खोली मोजून लिहून ठेवा. त्यानंतर लाल भुकटी आली तर वीट. करडी, अगदी बारीक येतेय, बिट हळू सरकतोय आणि मशीन हाताला झटके देतंय, तर काँक्रीट. पांढुरकी करडी, हलकी, आणि बिट फारसा जोर न लावता आत जातोय, तर एएसी ब्लॉक, म्हणजे नव्या इमारतींत वापरतात तो हलका ब्लॉक. आणि एक-सव्वा सेंटिमीटरनंतर बिट एकदम धप्पकन आत गेला, तर ते जिप्सम बोर्डचं पार्टिशन, मागे पोकळी.

भिंतीवर बोटाने ठोकून आधी अंदाज घेता येतो, पण नुसत्या आवाजावर भरवसा ठेवू नका. विटेवरून सुटलेलं प्लास्टरही बोदा आवाज देतं. तसं असेल तर तिथे कितीही चांगली गिट्टी लावा, ती प्लास्टरसकट बाहेर येईल. ते प्लास्टर आधी काढून पुन्हा करावं लागतं. आणि खिडकीजवळ एसीचा पॉइंट किंवा स्विचबोर्ड असेल, तर त्याच्या सरळ वर आणि सरळ बाजूला भोक पाडू नका. वायरचा पाइप त्याच रेषेत गेलेला असतो.

आपल्या उजव्या ब्रॅकेटकडे परत येऊ, कारण बहुतेक घरांत अडचण विटेचीच असते. इथे 8 मिलिमीटर जाडीची, 40 मिलिमीटर लांबीची नायलॉनची गिट्टी घेतली. ती प्लास्टरच्या पृष्ठभागाशी समपातळीत न ठेवता स्क्रूने हलकेच आत ढकलायची, म्हणजे पूर्ण 40 मिलिमीटर विटेत बसते. आता स्क्रूची लांबी: ब्रॅकेटची पट्टी 3, थर 22, गिट्टी 40, आणि गिट्टीच्या टोकाबाहेर स्क्रूची जाडी इतकं, म्हणजे 5. बेरीज 70 मिलिमीटर. हार्डवेअरच्या दुकानात 5 बाय 70 किंवा 5 बाय 75 चा स्क्रू मागा. ब्रॅकेटसोबत पाकिटात आलेले 35 चे स्क्रू बाजूला ठेवा. भोक 75 ते 80 मिलिमीटर खोल. चार इंची भिंत असेल तर इतक्या खोलीवर पलीकडचं प्लास्टर निघू शकतं, म्हणून शेवटचा भाग अगदी हळू.

वीट लागली की हॅमर बंद करा आणि साध्या फिरण्यावर भोक पाडा. हॅमरने विटेतलं भोक आठचं नऊ-दहा होतं, आणि मग कितीही चांगली गिट्टी त्यात फिरतच राहते. बिट मध्येच भसकन पुढे सरकला आणि वाळू पडू लागली, तर तुम्ही दोन विटांच्या सांध्यात आहात. ब्रॅकेट तीन-चार सेंटिमीटर वर किंवा खाली घ्या. भोकातली भुकटी फुंकून किंवा ब्रशने नक्की काढा, नाहीतर गिट्टी भुग्यावर बसते. फुंकताना डोळ्यांना चष्मा असू द्या.

दुसरा मार्ग याहून सोपा आहे आणि मला तोच जास्त आवडतो. दोन्ही ब्रॅकेट थोडे आत घेऊन लिंटेलवर आणायचे, खिडकीच्या कडेपासून चार इंचांच्या आत आणि वर दोन-तीन इंचांवर. तिथे काँक्रीट मिळतं. रॉड ब्रॅकेटच्या पुढे तसाच लांब ठेवता येतो. आणि आठ फुटी रॉडला मध्ये तिसरा ब्रॅकेट हवाच. तो लिंटेलवरच येतो आणि निम्म्याच्या आसपास भार एकटा घेतो, त्यामुळे टोकांवरची ओढ लगेच कमी होते.

काँक्रीटमध्ये गिट्टी नाही, भोक अडचण करतं. तिथे हॅमर लागतोच, आणि साध्या ड्रिलने वीस-पंचवीस मिलिमीटरवर दमून माणूस गिट्टीच कापून टाकतो. तसं करू नका, हॅमर असलेलं चांगलं मशीन भाड्याने आणा. बिट अचानक अडला आणि धातूचा आवाज आला तर सळई लागली आहे. ती कापायची नाही, दोन-तीन सेंटिमीटर बाजूला सरका. काँक्रीटला 8 बाय 40 ची गिट्टी पडद्यासाठी पुरते. लोखंडी रावळ बोल्टची इथे गरज नाही. आणि वीट किंवा एएसी ब्लॉकमध्ये तर तो लावूच नका, तो फुगताना वीट आतून तडकवतो.

एएसी ब्लॉकमध्ये हॅमर नको, लांब गिट्टी हवी. साठ मिलिमीटरच्या पुढची, बाहेर पंख असलेली, किंवा एएसीसाठीच बनवलेली चक्रीच्या आकाराची. भोक गिट्टीपेक्षा एक मिलिमीटर बारीक पाडलं तर पकड चांगली येते. स्क्रू आवळताना तो कडक झाला की तिथेच थांबा. आणखी एक फेरा दिलात तर ब्लॉक आतून भुगा होतो आणि स्क्रू मोकळा फिरू लागतो.

आता जिप्सम बोर्ड. साधी गिट्टी इथे काहीच धरत नाही, कारण तिला फुगायला मागे काही नाही. पोकळीसाठीचे अँकर मागे जाऊन उघडतात आणि बोर्डाला पाठीमागून धरतात. स्प्रिंगचं फुलपाखरू किंवा लोखंडी छत्रीसारखा अँकर, दोन्ही चालतात. पण वजन तरी बोर्डालाच झेलायचं असतं आणि बोर्ड साडेबारा मिलिमीटरचा. पातळ शिअर पडद्याला ते पुरतं. जाड पडदे असतील तर मागचे लोखंडी चॅनल शोधा. ते साधारण दोन-दोन फुटांवर असतात आणि भिंतीवर लोहचुंबक फिरवला की त्यांच्या स्क्रूवर तो अडकतो. ब्रॅकेट नेमका चॅनलवर येत नसेल तर 18 मिलिमीटर प्लायवूडची चार इंची पट्टी दोन-तीन चॅनलना स्क्रूने पक्की करा, भिंतीच्या रंगात रंगवा आणि ब्रॅकेट त्या पट्टीवर लावा.

आणि जुनं मोठं झालेलं भोक? त्यात आगपेटीच्या काड्या, चिंध्या किंवा पीओपी भरून पुन्हा तोच स्क्रू फिरवला, तर थोड्याच दिवसांत पुन्हा निघतो. वीट चांगली असेल तर दहाच्या बिटने भोक साफ करून 10 मिलिमीटरची लांब गिट्टी लावा. वीट फुटली असेल तर ब्रॅकेट सरकवा, किंवा भोक स्वच्छ करून बंदुकीने भरायचं रासायनिक अँकर घाला आणि पाकिटावर लिहिलेला वेळ पूर्ण होईपर्यंत त्याला हात लावू नका.

सगळं बसलं की पडदे लगेच अडकवू नका. आधी नुसता रॉड ठेवा, ब्रॅकेटजवळ दोन्ही हातांनी धरून पाच-सहा किलोच्या जोराने खाली दाबा आणि ब्रॅकेटच्या वरच्या कडेकडे बघा. फट दिसली नाही तर पडदे चढवा. आठवडाभराने तीच कड पुन्हा एकदा बघून घ्या.