पाणी सुट्टीवर जातंय 😊

मंडळी, आज फक्त एकाच मेसेजबद्दल बोलू. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेला, अगदी हसतमुख. तो असा:

"सुप्रभात 🌞😊 गुरुवारी सकाळी १० ते शुक्रवारी सकाळी १० आपलं पाणी सुट्टीवर जातंय 🏖️ तरी सगळ्यांनी गुरुवारी सकाळी बादल्या, पिंपं भरून ठेवा 🪣🪣 गाडी धुवायचा मुहूर्त पुढे ढकला 😜 सहकार्याबद्दल धन्यवाद 🙏🙏 🚱"

आता याला हसू नका, ह्या सेक्रेटरीने चांगलं काम केलंय. "सर्व सभासदांना कळविण्यात येते की" असं नोटीस बोर्डावर लावलं तर पहिला रिप्लाय येतो "मेंटेनन्स कशाला घेता मग?" इथे तो आला नाही, दहा-बारा अंगठे आले आणि कुणीतरी लिहिलं "पाण्याला पण गोवा हवाय वाटतं." सुट्टीच्या त्या छत्रीने भांडण टळलं, हे मी मान्य करतो. पण मेसेज गोड झाला आणि त्यातला हिशोब चुकला, आणि गोडपणामुळे कोणी तो तपासलाच नाही.

मुंबईत आपल्याकडे पाणी चोवीस तास येत नाही हो, पाळीने येतं. प्रत्येक भागाची वेळ ठरलेली. समजा ह्या सोसायटीची वेळ पहाटे ५ ते ७.३० आहे, तेव्हा खालची टाकी भरते, मग पंप लावून वरची. आता बघा, गुरुवार पहाटेचं पाणी मिळालं, कारण बंद १० वाजता होणार. शुक्रवार पहाटेची पाळी मात्र बंदमध्येच गेली, आणि १० वाजता लाईन सुरू झाली तरी आपली पाळी थेट शनिवारी पहाटे. म्हणजे मेसेजमध्ये २४ तास, टाकीसाठी ४८ तास. उलट हाच बंद गुरुवारी सकाळी १० ते रात्री १० असता तर ह्या सोसायटीला काहीच फरक पडला नसता, उगाच धावपळ.

६० फ्लॅट, घरी चार माणसं धरली की २४० जण. शहरांसाठी माणशी रोज १३५ लिटर हा सरकारी मापदंड आहे, तेवढंच धरा. रोजचे ३२,४०० लिटर, दोन दिवसांचे ६४,८०० लिटर. खालची टाकी ४०,०००, वरची २०,०००, दोन्ही काठोकाठ भरल्या तरी ६०,०००. तुटवडा ४,८०० लिटरचा, म्हणजे शनिवारी पहाटे, साधारण चारच्या सुमाराला नळ कोरडा. प्रत्यक्षात थोडा आधीच, कारण खालच्या टाकीच्या तळाचं पाणी पंप ओढत नाही.

आणि आता ती बादल्यांची सूचना. गुरुवारी सकाळी पाळी संपल्यावर भरल्या तर काय होतं? टाकीतलं पाणी बादलीत गेलं, सोसायटीचं पाणी एका थेंबानेही वाढलं नाही. वर शुक्रवारी कोणीतरी "शिळं पाणी" म्हणून ते मोरीत ओतणार, आपल्याकडे ही खोड घरोघरी आहे. तेच जर बुधवारी रात्री भरलं, तर गुरुवारी पहाटे टाक्या पुन्हा भरतात आणि बादल्यांतलं पाणी निव्वळ जास्तीचं ठरतं. घरटी १०० लिटर, ६० घरांचे ६,००० लिटर, तुटवडा भरून निघाला, टँकर वाचला! अट एकच, त्या पाळीत टाक्या पूर्ण भरल्या पाहिजेत. वॉचमनने साडेसातला झाकण उघडून बघायचं.

शेवटचा तो 🚱, म्हणजे नळावर काट. बऱ्याच जणांना वाटतं की पाणी बंद. पण ते चिन्ह "हे पाणी पिण्यायोग्य नाही" असं सांगतं. अशा बंदनंतर पहिलं पाणी गढूळ येऊ शकतं, महापालिकाही अशा वेळी पाणी उकळून-गाळून प्यायला सांगते, त्यामुळे हे चिन्ह शनिवारच्या मेसेजला फिट बसलं असतं, गुरुवारच्या नाही. आणि ज्यांना कमी दिसतं ते फोनकडून मेसेज वाचून घेतात, फोन इमोजीचं नावही मोठ्याने उच्चारतो. म्हणून आकडे आणि वार साध्या अक्षरात, इमोजी ओळीच्या शेवटी, एखाददुसराच.

मी तोच मेसेज असा लिहीन:

"बुधवारी रात्रीच घरात १०० लिटर भरून ठेवा 🪣 गुरुवार पहाटेनंतर टाकीत पुढचं पाणी थेट शनिवारी पहाटे, तेही कमी दाबाने. शुक्रवारी नळाला पाणी फक्त सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ७ ते ९. साठवलेलं पाणी ओतून देऊ नका, फ्लशला वापरा. शनिवारी पिण्याचं पाणी उकळून घ्या. गाड्यांनो, रविवारपर्यंत धूळ एन्जॉय करा 😜🙏"

गाडीचा जोक मी ठेवलाय. तो काढला तर रिप्लायमध्ये मेंटेनन्स परत येणार.