एप्रिलची विक्री डिसेंबरात

[दृश्य: निपाणीची बाजारपेठ. शेती साहित्याचे दुकान. काउंटरमागच्या खोलीतला संगणक.]

निपाणीच्या या दुकानात ठिबकचे पाईप, पाण्याच्या मोटारी आणि फवारणीचे पंप विकले जातात. गिऱ्हाईक चिकोडी, संकेश्वर, खानापूरकडून येते, तसेच सीमेपलीकडच्या कागलहूनही येते. पूर्वी ज्या सॉफ्टवेअरमध्ये बिले होत होती ते दुकानाने बंद केले. त्यातून काढून ठेवलेली एप्रिल २०२४ची विक्रीची फाईल तेवढी हाताशी आहे आणि तिच्यातूनच महिन्याचा गोषवारा काढायचा आहे.

[दृश्य: पडदा जवळून. A, B, C, D हे चार रकाने.]

बिल क्रमांक, तारीख, गाव आणि रक्कम असे चार रकाने आहेत. रकमेची एकूण बेरीज बरोबर येते. तारखेची अट घालून एप्रिलची बेरीज मागितली, की मात्र पडद्यावर अवघ्या एका दिवसाची विक्री दिसते आणि तो दिवस ४ एप्रिल असतो. बाकीचा महिना कुठे गेला, हे हिशेबनीस बाई याच पडद्यावर शोधून दाखवतात.

[दृश्य: तारखेच्या रकान्यावरून हळू सरकणारा कॅमेरा.]

हा रकाना नीट पाहावा. वरच्या काही तारखा उजव्या कडेला टेकलेल्या आहेत आणि त्यांच्यातले शून्य गळून पडलेले आहे: `12/4/2024`. खालच्या तारखा डाव्या कडेला आहेत आणि त्यांचे शून्य शाबूत आहे: `13/04/2024`. उजवीकडच्या तारखा एक्सेलने तारीख म्हणून स्वीकारल्या आहेत, तर डावीकडच्या त्याच्या लेखी नुसती अक्षरे आहेत. फाईल पहिल्यांदा ज्या संगणकावर उघडली गेली, त्याची प्रादेशिक मांडणी विकत घेतल्या दिवसापासून अमेरिकन पद्धतीवर होती, म्हणजे आधी महिना आणि मग दिवस. तेराव्या महिन्याची तारीख एक्सेलला मान्य होणे शक्य नव्हते, म्हणून १३ ते ३० तारखांना त्याने हातही लावला नाही. एक ते बारा या तारखा मात्र त्याने उलट्या वाचल्या आणि तशाच जतन झाल्या.

खरी फसगत या बारा दिवसांची आहे. `12/4/2024` हे आपण १२ एप्रिल असेच वाचतो, त्यामुळे डोळ्याला काहीच खटकत नाही. बाई रकान्याचे स्वरूप बदलून महिन्याचे नाव अक्षरात दाखवायला सांगतात, आणि त्याच घरात `04-Dec-2024` उमटते. एप्रिलचे पहिले बारा दिवस वर्षभराच्या बारा महिन्यांत, प्रत्येकी चार तारखेला, जाऊन बसले आहेत. चौथा दिवस चौथ्या महिन्यातला, म्हणून उलटला तरी तोच राहिला आणि तेवढाच एप्रिलमध्ये सापडला. ज्यांनी काउंटरवर तारखा टाकल्या त्यांचे यात काहीही चुकलेले नाही, हे इथे स्पष्ट सांगायला हवे, कारण अशा वेळी बोलणी पहिल्यांदा त्यांनाच बसतात.

[दृश्य: गावाचा रकाना. गोषवाऱ्यात ‘निपाणी’ दोनदा.]

तारखा सुलट्या करण्याआधी बाई गावाच्या रकान्याकडे वळतात, कारण गोषवाऱ्यात निपाणी दोन वेगवेगळ्या ओळींत दिसते आहे. `LEN` हे सूत्र अक्षरांची मोजदाद करते. देवनागरीत मात्राही वेगळी मोजली जात असल्याने ‘निपाणी’ची लांबी सहा भरते, पण काही ओळींत ती सात येते. सातवे काय आहे, हे शेवटच्या चिन्हाचा क्रमांक विचारला की कळते.

```
=UNICODE(RIGHT(C2,1))
```

उत्तर 2368 आले तर ती ‘णी’ची दीर्घ वेलांटी आहे आणि शब्द स्वच्छ आहे. 32 आले तर साधी मोकळी जागा आहे, जी `TRIM` काढून टाकते. इथे काही ओळींत 160 येते. ही ओळ तुटू न देणारी मोकळी जागा असते. वेबपानावरून मजकूर उचलला की ती बरेचदा सोबत येते आणि एकटे `TRIM` तिला ओळखत नाही. म्हणून आधी तिची साधी जागा करून घ्यायची आणि मग काटछाट करायची.

```
=TRIM(SUBSTITUTE(C2,UNICHAR(160)," "))
```

न दिसणारी सगळीच चिन्हे सरसकट पुसण्याचा मोह इथे आवरावा लागतो, कारण ‘र्‍या’ सारखी अक्षरे काही कळफलकांवर अदृश्य जोडचिन्हाच्या आधाराने उमटतात आणि ते काढले की नाव मोडते.

[दृश्य: बाई नवा रकाना घालतात.]

हेच सूत्र तारखेच्या रकान्यालाही लावून त्याचे उत्तर F रकान्यात ठेवले जाते. हा क्रम महत्त्वाचा आहे. तारखेच्या शेवटी एक मोकळी जागा राहिली, तर उजवीकडची चार चिन्हे `024 ` अशी निघतात, एक्सेल त्यांना 24 समजते आणि विक्री १९२४ सालात नोंदली जाते. F तयार झाला की G मध्ये खरी तारीख बांधता येते.

```
=IF(ISNUMBER(B2),
 DATE(YEAR(B2),DAY(B2),MONTH(B2)),
 DATE(RIGHT(F2,4),MID(F2,4,2),LEFT(F2,2)))
```

मूळ घरात तारीख असेल तर तिचा दिवस आणि महिना यांची अदलाबदल होते. अक्षरे असतील तर ती तुकडे करून वाचली जातात. बेळगाव शाखेच्या नोंदींत तिरप्या रेघेऐवजी आडवी रेघ आहे, पण अंकांच्या जागा त्याच असल्यामुळे त्यांनाही हेच सूत्र चालते. मूळ रकाने जसेच्या तसे राहतात. दुरुस्ती नेहमी शेजारच्या रकान्यात होते.

[दृश्य: तीन छोटी सूत्रे, तीन उत्तरे.]

G रकान्याची `MIN` १ एप्रिल आणि `MAX` ३० एप्रिल यायला हवी. `COUNT` ओळींच्या संख्येइतकी यायला हवी. आणि महिन्याची बेरीज आता रकमेच्या एकूण बेरजेशी जुळायला हवी. तिन्ही जुळतात. पुढच्या महिन्याच्या ११ तारखेच्या आत भरायच्या जीएसटीआर-१ विवरणपत्रातले आकडेही याच गोषवाऱ्याशी ताडून पाहिले जातात.

नव्या सॉफ्टवेअरची फाईल बाई आता दोनदा क्लिक करून उघडत नाहीत. `Data` मधून `From Text/CSV` निवडतात, `Do not detect data types` सांगतात, आणि मग `Transform Data` मध्ये तारखेच्या रकान्याला `Using Locale` वापरून `English (India)` अशी ओळख देतात.

[दृश्य: बिल क्रमांकाच्या रकान्यावर बोट.]

या सूत्राला एक मर्यादा आहे. फाईल उघडल्यानंतर कुणी एखादी तारीख हाताने नीट दुरुस्त केली असेल, तर अदलाबदलीत तीच उलटेल. वर्षभराच्या फाईलमध्ये असा घोटाळा `MIN` आणि `MAX` यांच्या नजरेतून सुटतो. म्हणून बाई प्रत्येक शाखेच्या ओळी बिल क्रमांकाने लावतात आणि तारीख आदल्या बिलाच्या मागे जाते का ते पाहतात. जिथे ती मागे जाते, तिथे कागदी बिलाची प्रत काढून बघितली जाते.