'अटी बदलल्या' असा मेल आला तर

नमस्कार श्रोतेहो. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात सध्या डवरणीचे दिवस आहेत. मी गावात ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र चालवतो, त्यामुळे मोबाईलवर काही नवं दिसलं की लोक सरळ माझ्याकडे येतात. गेल्या आठवड्यात एक काका वावरातून थेट आले. म्हणाले, "पाय बरं बाबू, हे काय आलं? अटी बदलल्या म्हणते. मी तं काही दाबलंच नाही. मंग माह्या काही संबंध नाही ना?"

मेल त्यांच्या शेतीच्या ॲपचा होता, कापसाचे भाव आणि फवारणीचा सल्ला देणाऱ्या. वर लिहिलं होतं, "We're updating our Terms". मी वाचत वाचत खाली गेलो, तेव्हा शेवटच्या परिच्छेदात ते वाक्य सापडलं: येत्या १ तारखेनंतर ॲप वापरत राहिलात, तर नव्या अटी तुम्हाला मान्य आहेत असं धरलं जाईल.

काकांची समजूत इथंच चुकत होती. २०२१ साली व्हॉट्सॲपनं अटी बदलल्या, तेव्हा 'मान्य करा' अशी खिडकी मोबाईलवर उघडायची, ती बऱ्याच जणांना आठवत असेल. पण पुष्कळ ॲप तसं विचारत नाहीत. मेल पाठवतात, तारीख देतात आणि तुमचं वापरणं हाच होकार धरतात. त्यामुळे बटण दाबलं की नाही यापेक्षा त्या तारखेपासून काय बदलतं, हे पाहणं महत्त्वाचं.

काकांच्या बाबतीत दोन गोष्टी बदलत होत्या. पहिली पैशाची. सल्ल्याचे महिन्याला २९ रुपये कटायचे, ते आता ९९ होणार होते. काका म्हणाले, "वाढवले तं पिन मागन ना मले?" नाही मागणार. मागच्या वर्षी १ रुपयात महिनाभर सल्ला घेताना त्यांनी यूपीआय ऑटोपेला, म्हणजे दर महिन्याला पैसे आपोआप कापायला, मंजुरी दिली होती. त्या मंजुरीत जास्तीत जास्त किती रुपये कापता येतील, तो आकडा असतो. आम्ही पाहिलं तर काकांचा आकडा १९९ होता. ९९ त्याच्या आत बसतात, म्हणून पुन्हा पिन टाकायची वेळच येत नाही. पैसे कटायच्या निदान २४ तास आधी सूचना येते, पण मेसेजच्या ढिगात ती कोण पाहतं?

ॲप मोबाईलमधून काढून टाकलं तरी ही मंजुरी आपोआप जात नाही. ती आपण ज्या यूपीआय ॲपवरून पैसे देतो, तिथं ऑटोपेच्या यादीत बसलेली असते. ती यादी उघडून, त्या कंपनीच्या नावावर जाऊन मंजुरी रद्द करावी लागते. आम्ही ती तिथंच रद्द केली.

दुसरी गोष्ट माहितीची. काकांचा नंबर, पेरा किती एकरांत आणि कोणतं पीक, हे 'भागीदारांना' देता येईल असं नव्या अटींत होतं. भागीदार म्हणजे कोण? बियाणं विकणारे, औषधं विकणारे, कर्ज देणारे, कोणीही. सुदैवानं ॲपच्या सेटिंगमध्ये त्याचं वेगळं बटण होतं, ते बंद केलं. असं बटण नसेल आणि अट पटत नसेल, तर खातंच बंद करायची विनंती करावी लागते. पण आधीच बाहेर गेलेली माहिती त्यानं परत येत नाही, हेही मी काकांना सांगितलं.

आपल्याकडे २०२३ साली वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. त्याची कलमं टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. त्यात म्हटलंय की संमती जितक्या सहज दिली, तितक्याच सहज ती मागे घेता आली पाहिजे, आणि संमतीची विनंती मराठीतूनही वाचायची सोय मिळाली पाहिजे. माझ्याकडे येणाऱ्या माणसांसाठी ही फार मोलाची गोष्ट आहे. पंधरा पानं इंग्रजी वाचून होकार द्यायचा, हा त्यांच्यावर अन्यायच आहे.

एक जपायचं. असे मेल खोटेही येतात. 'आजच मान्य करा, नाहीतर खातं बंद' असं लिहून लिंक देतात, ओटीपी मागतात किंवा एखादी फाईल टाकायला सांगतात. अटी मान्य करायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. मेलमधली लिंक दाबू नका, ॲप स्वतः उघडा. बदल खरा असेल तर बहुतेक वेळा तिथं आत दिसतोच. आणि चुकून पैसे गेलेच, तर त्याच घडीला सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन लावा.

काकांनी ॲप ठेवलंय. भाव पाहायला पैसे लागत नाहीत, तेवढंच ते पाहतात. जाताना त्यांनी विचारलं, "माह्या पोराच्या मोबाईलमधी बी असंच काही असन का?" संध्याकाळी दोघं आले. त्याच्या ऑटोपेच्या यादीत चार नावं निघाली, त्यातली दोन कशाची, हे त्यालाही आठवत नव्हतं.